रन पुढे गेला म्हणजे ड्यू डेट पुढे गेली असं नसतं: पेमेंट उशिराची सूचना एडिट करताना

आमच्याकडे वेंडर पेमेंट दर गुरुवारी असतं. जूनमधे १२ तारखेचा रन अडकला कारण बँकेच्या पोर्टलवर अपडेट झालं आणि आपली बल्क फाइल तिथे चढेचना, फॉरमॅट एररने परत यायची. बँकेने सांगितलं दुरुस्ती सोमवारपर्यंत होईल, म्हणून रन मंगळवारी १७ ला ठरला. फायनान्समधल्या ज्युनियरने परचेस आणि स्टोअर्सला पाठवायची सूचना लिहिली आणि माझ्याकडे बघायला दिली. ती अशी होती:

"तांत्रिक कारणामुळे या आठवड्याचे वेंडर पेमेंट पुढे ढकलण्यात आले आहे. सर्व ड्यू डेट १७ जूनपर्यंत वाढवल्या आहेत. अर्जंट पेमेंटना प्राधान्य दिले जाईल. सहकार्याबद्दल धन्यवाद."

वाचायला नीट वाटते, पण दुसरं वाक्य चूक आहे आणि तिसऱ्याला काही अर्थच नाही, आणि दोन्हीचं मूळ एकच: रनची तारीख आणि ड्यू डेट या दोन गोष्टी एक समजल्या गेल्या.

रनची तारीख आपली असते. आपण कोणत्या दिवशी यादी काढून, मेकर-चेकर करून, म्हणजे एकाने टाकलेलं दुसऱ्याने तपासून, बँकेला पैसे सोडायला सांगतो तो दिवस. आठवड्यातून एकदा हे आपण आपल्या सोयीसाठी ठरवलेलं आहे, उद्या शुक्रवार केला तरी वेंडरची परवानगी लागत नाही. ड्यू डेट मात्र त्या बिलाची असते, पीओवरच्या क्रेडिट टर्म्समधून किंवा थेट कायद्यातून आलेली. आपलं पोर्टल बंद पडलं म्हणून ती एक दिवसही हलत नाही. वेंडर स्वतः लेखी हो म्हणाला तर टर्म्समधून आलेली हलू शकते, पण कायद्याची कमाल मुदत त्याच्या होकारानेही वाढत नाही.

गोंधळ का होतो तेही कळतं, कारण रोजच्या कामात या दोन तारखा एकमेकींना चिकटूनच चालतात. १२ च्या रनमधे आपण फक्त १२ ला ड्यू असलेली बिलं घेत नाही तर पुढचा रन १९ ला आहे म्हणून १८ पर्यंत ड्यू होणारी सगळी घेतो, म्हणजे कुठलंच बिल मधल्या दिवसांत लेट होत नाही. सिस्टिममधे पेमेंट प्रपोजल काढताना पुढच्या रनची तारीख विचारतात ती यासाठीच. रन वेळेवर असला की ड्यू डेटकडे वेगळं बघावंच लागत नाही. अडकला की बघावं लागतं.

मग ती यादी परत उघडली. एकूण ९६ बिलं. रन १७ ला गेला तर १७ आणि १८ ला ड्यू असलेली ३८ बिलं तरीही वेळेवरच आहेत, त्यांच्या बाबतीत उशीर झालेलाच नाही, फक्त आपण जे लवकर देणार होतो ते आता वेळेवर देतोय. उरलेली ५८ बिलं १२ ते १६ मधे ड्यू, ती मात्र खरोखर लेट होणार. पहिल्या सूचनेने या ३८ वेंडरनाही उगाच घाबरवलं असतं आणि ५८ जणांना सांगितलं असतं की तुमची ड्यू डेट बदलली, जे आपल्या हातात नाही.

आता प्राधान्य. "अर्जंट" कोण ठरवणार? असं लिहिलं की जो परचेसवाल्याला जास्त फोन करतो तो अर्जंट होतो. त्या ५८ मधे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची ११ बिलं होती आणि त्यांच्यासाठी २००६ च्या एमएसएमई कायद्यात मुदत ठरलेली आहे: लेखी करार असेल तर करारातली तारीख, पण माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवस. एक उदाहरण घ्या, भोसरीतलं छोटं फॅब्रिकेशन युनिट, माल ३० एप्रिलला स्वीकारला, करार ४५ दिवसांचा. मेचे ३१ आणि जूनचे १४ धरले की मुदत १४ जूनला संपते, शनिवारी. १२ च्या रनमधे हे आरामात बसत होतं, १७ च्या रनमधे तीन दिवस उशीर. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि ते व्याज आयकरात खर्च म्हणून धरताही येत नाही.

(इथे बरेच जण १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी (एच) ची, म्हणजे उशिरा दिलेल्या बिलाचा खर्च त्या वर्षी धरता येणार नाही याची, भीती घालतात. बिल मुदतीनंतर पण त्याच आर्थिक वर्षात दिलं तर तो खर्च त्याच वर्षी मिळतो. तो फटका बसतो मार्चमधे, जेव्हा मुदत उलटलेलं बिल ३१ मार्च ओलांडतं. जूनमधला प्रश्न व्याजाचा आहे, आणि त्याहून जास्त त्या युनिटच्या पगाराचा.)

बल्क फाइल चढत नव्हती तरी पोर्टलवर एकेक पेमेंट टाईप करून जात होतं. ९६ हाताने टाकणं म्हणजे अकाउंट नंबर चुकण्याला आमंत्रण, पण ११ करता येतात. म्हणून ती ११ शुक्रवारी १३ ला हाताने टाकायची ठरली. यातल्या दोघांची मुदत १२ लाच संपत होती, तिथे एक दिवस उशीर होणारच होता, त्यांना आधी फोन केला. शनिवार-रविवारची अडचण नव्हती, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सातही दिवस चालतं, पण आमचा चेकर शनिवारी नसतो, म्हणून शुक्रवार.

एडिट करून सूचना अशी गेली:

"१२ जूनचा पेमेंट रन आता मंगळवारी १७ जूनला होईल. कारण: बँक पोर्टल आपली बल्क फाइल घेत नाहीये. बिलांच्या ड्यू डेट बदललेल्या नाहीत.
सूक्ष्म व लघु उद्योगांची १२ ते १६ जूनला मुदत संपणारी ११ बिलं शुक्रवारी १३ जूनला वेगळी दिली जातील.
१२ ते १६ ला ड्यू असलेली बाकी ४७ बिलं १७ ला सकाळी पहिल्या फाइलमधे. ही उशिरा जात आहेत, वेंडरला तसंच सांगा.
१७ आणि १८ ला ड्यू असलेली ३८ बिलं १७ लाच दुपारच्या फाइलमधे, ही वेळेवर आहेत.
यादी सोबत जोडली आहे. यादीत नसलेली बिलं नेहमीप्रमाणे १९ च्या रनमधे. १७ ही पैसे सोडण्याची तारीख आहे, खात्यात जमा त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत अपेक्षित, यूटीआर १८ ला मिळेल. तारीख पुन्हा बदलली तर सोमवारी १६ ला ४ वाजेपर्यंत कळवू."

पहिलीपेक्षा लांब झाली हे खरं, पण परचेसवाल्याला आता यादी उघडून आपला वेंडर कुठल्या ओळीत आहे एवढंच बघायचंय. "उशिरा जात आहेत" हे ज्युनियरला खटकलं, म्हणाला सर आपणच कबूल करतोय. करायचंच, कारण वेंडरकडे त्याची बिलाची तारीख असतेच.

मॅच न झाल्याने होल्डवर असलेली बिलं सूचनेत घेतली नाहीत ते मुद्दाम. ती पोर्टलमुळे अडकलेली नाहीत, जीआरएन, म्हणजे माल आल्याची स्टोअर्सची नोंद, आणि बिल यांची क्वांटिटी जुळत नाही म्हणून अडकलीत, १७ ला पोर्टल सुरू झालं तरी सुटणार नाहीत. इथे लिहिली असती तर स्टोअर्सने १७ पर्यंत जीआरएन बघितलंच नसतं.

आणि एक, सूचनेत नाही पण त्याच दिवशी सांगावं लागलं. ज्युनियरने सिस्टिममधे त्या ५८ बिलांची बेसलाइन डेट, म्हणजे जिथून मुदत मोजली जाते ती तारीख, बदलून ड्यू डेट १७ करायला घेतली होती, म्हणजे एजिंग रिपोर्टमधे लाल दिसणार नाही. थांबवलं. त्याच डेटावरून कंपनीचा सहामाही एमएसएमई-१ फॉर्म भरला जातो, ४५ दिवसांवर गेलेली थकबाकी आणि तिचं कारण त्यात द्यायचं असतं, आणि तारीख बदलली की उशिरा गेलेलं बिल तिथे वेळेवर गेलेलं दिसतं. रिपोर्ट लाल राहू दिला आणि रिमार्कमधे "बँक पोर्टल, १२ ते १७ जून" असं लिहिलं.