अनुभवाला गुण कशाचे? प्रौढांच्या नागरिकशास्त्र परीक्षेची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील अनेक शाळा-महाविद्यालयांनी परतलेल्या सैनिकांना केवळ सेवेच्या मोबदल्यात सरसकट शैक्षणिक श्रेय देऊन टाकले. त्यातून झालेला घोळ शिक्षणक्षेत्राच्या लक्षात राहिला होता. म्हणून दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, शाळा अर्धवट सोडून लष्करात गेलेल्यांसाठी शालान्त परीक्षेशी समकक्ष अशी एक चाचणी तयार करण्यात आली. तीच पुढे ‘जीईडी’ या नावाने ओळखली गेली आणि १९४७ पासून न्यूयॉर्क राज्याने ती सामान्य नागरिकांनाही खुली केली. आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांचा तिच्या रचनेत मोठा वाटा होता. तिच्यातील सामाजिक शास्त्रांच्या भागात कायदेमंडळाची कार्ये किंवा घटनादुरुस्तीच्या पायऱ्या आठवून लिहायच्या नव्हत्या. एखादा उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारले जात. बाहेरच्या जगात वावरलेल्या प्रौढाला पाठ्यपुस्तकातील मजकूर आठवत नसला तरी सार्वजनिक व्यवहाराविषयीचा मजकूर समजतो, हे त्यामागचे गृहीतक होते.

हे गृहीतक उदार होते, पण अपुरे होते. उताऱ्यावरचा प्रश्न प्रामुख्याने वाचन तपासतो. ज्याने दहा वर्षे कामगार संघटनेचे काम केले, पण ज्याचे वाचन संथ आहे, असा परीक्षार्थी त्यात मागे पडतो, आणि ज्याला सार्वजनिक कामाचा गंधही नाही, पण भरभर वाचता येते, तो पुढे जातो.

ब्राझीलमध्ये वेगळ्याच दिशेने विचार झाला. तिथे निरक्षरांना १९८५ पर्यंत मतदानाचा हक्क नव्हता. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंगिकोस या गावी सुमारे तीनशे प्रौढांसाठी चाळीस तासांचा साक्षरता वर्ग चालवला, तेव्हा अक्षर शिकणे आणि नागरिक होणे या दोन गोष्टी तिथे अक्षरशः एकमेकींना बांधलेल्या होत्या. त्यांच्या पद्धतीत शिकण्याचे शब्द शिकणाऱ्यांच्या जगण्यातून घेतले जात. ‘वीट’ हा त्यांपैकी प्रसिद्ध शब्द. विटेपासून सुरू झालेली चर्चा घर, मजुरी आणि मालकीपर्यंत जाई. मात्र ही शिकवण्याची पद्धत होती. हजारो उत्तरपत्रिका अनोळखी परीक्षकांकडून तपासून घेण्याचा प्रश्न तिला सोडवायचाच नव्हता.

प्रौढाचा अनुभव मोजायचा कसा, हा प्रश्न १९७०च्या दशकात अमेरिकेत थेट हाताळला गेला. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे सुरू झालेल्या, शालान्त प्रमाणपत्र देणाऱ्या बाह्य पदविका कार्यक्रमात प्रौढाला लेखी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष कामे दिली जात. ती त्याने आपल्या सवडीने करून आणायची आणि मूल्यमापकासमोर बसून त्याविषयीच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. न जमलेले कौशल्य पुन्हा दाखवण्याची मुभा होती, पण ते अर्धे दाखवून चालत नसे. याच सुमारास, १९७४ साली, अनुभवाधारित शिक्षणाच्या मूल्यमापनासाठी ‘केल’ हा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातून या क्षेत्रातील सर्वांत उपयोगी भेद रुळला: श्रेय अनुभवाला नाही, अनुभवातून शिकलेल्या गोष्टीला द्यायचे. वीस वर्षे कचेरीच्या दारात पहारा दिला म्हणून कचेरी कळतेच असे नाही.

भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ साली मुक्त विद्यालयाचा प्रकल्प सुरू केला. १९८९ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली, १९९० मध्ये तिला स्वतःची प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार मिळाला आणि २००२ मध्ये तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे आजचे नाव मिळाले. या मोकळेपणाचा भर प्रवेशावर आणि गतीवर होता. वयाला वरची मर्यादा नाही, विषय निवडता येतात, एकेक करून सोडवता येतात. प्रश्नपत्रिका मोकळी करणे अवघड राहिले, कारण प्रमाणपत्र नियमित शाळेच्या तोडीचे मानले जायचे असेल तर प्रश्नही तिच्यासारखेच दिसावेत, असा दबाव कोणत्याही मुक्त विद्यालयावर असतो.

माझ्या मते खरी अडचण प्रश्नापेक्षा गुणदान-योजनेत दडलेली असते. त्यासाठी दहा गुणांचा एक नमुना-प्रश्न घेऊ. स्थानिक संस्थेने रस्ता रुंद करण्याची जाहीर नोटीस काढली आहे आणि ‘बाधित व्यक्तींनी तीस दिवसांत लेखी हरकती द्याव्यात’ असे तिच्यात म्हटले आहे. पदपथावर बसणारी एक विक्रेती अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ज घेऊन जाते. लिपिक म्हणतो, ‘जागा तुमच्या नावावर नाही, अर्ज घेता येणार नाही.’ पहिला उपप्रश्न मुदतीचा, एक गुण. दुसरा, लिपिकाचे म्हणणे योग्य आहे का, कारणासह, चार गुण. तिसरा, तिने पुढे काय करावे, पाच गुण.

मुदतीचा उपप्रश्न केवळ वाचन तपासतो, म्हणून त्याला एकच गुण पुरे. दुसऱ्यात ‘बाधित’ म्हणजे ‘मालक’ नव्हे हे दाखवल्याबद्दल दोन गुण आणि त्यामागच्या तत्त्वाबद्दल दोन. आता एक परीक्षार्थी लिहितो, ‘तिचं पोट त्या जागेवर आहे, मग तिला न विचारता ठरवणार कसं?’ यात ‘नैसर्गिक न्याय’ हा शब्द नाही, पण तत्त्व पूर्ण आहे, म्हणून दोन गुण. दुसरा लिहितो, ‘हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचे उल्लंघन आहे’, आणि थांबतो. त्याला एक. परीक्षकांचे प्रशिक्षण झाले नसेल तर नेमके उलटे घडते. शास्त्रीय शब्द दिसला की टिकमार्क पडतो.

तिसऱ्या उपप्रश्नाचे उत्तर अनुभवी माणूस पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले देतो. अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागावा, नकार लेखी मागावा, ही उत्तरे प्रश्न काढणाऱ्या प्राध्यापकाला सुचतीलच असे नाही. त्यामुळे गुणदान-योजना पक्की करण्याआधी तीस-चाळीस प्रौढांकडून प्रश्न सोडवून घ्यावा आणि आलेली योग्य उत्तरे योजनेत सामावून घ्यावीत. त्याच चाचणीत ‘ओळखीच्या माणसाला गाठावे’ किंवा ‘हातावर काहीतरी ठेवावे’ अशीही उत्तरे येतात. लोकप्रतिनिधीकडे तक्रार नेणे हा वैध मार्ग आहे, त्याला गुण द्यावेत. लाच हे वास्तवाचे वर्णन असू शकते, पण ते नागरिकशास्त्राचे उत्तर नाही. तरीही दोष परीक्षार्थ्याचा नसून ‘काय करावे’ या मोघम शब्दांचा आहे. ‘कोणते दोन कायदेशीर मार्ग आहेत, आणि प्रत्येकाचा उपयोग काय’ असे विचारले की ही अडचण बहुतांशी दूर होते.

ज्यांचा कचेरीशी कधी संबंधच आला नाही, त्यांच्यावर अशा प्रश्नाने अन्याय होतो का, हे तपासता येते. उरलेल्या प्रश्नपत्रिकेत सारखे गुण मिळवणाऱ्या गृहिणी आणि नोकरदार यांची या एका प्रश्नातील कामगिरी शेजारी ठेवावी. इथेच मोठी तफावत दिसली, तर प्रश्न नागरिकशास्त्राऐवजी विशिष्ट व्यवसायाची माहिती मोजत आहे. त्यावर पाच प्रसंगांतून एक निवडण्याची मुभा हा सोपा उपाय वाटतो, पण पाचही प्रसंग सारखे अवघड करणे जवळजवळ अशक्य असते. त्यापेक्षा एकच प्रसंग ठेवून लागणारी सारी माहिती त्यातच देणे बरे. मात्र तसे केले की मजकूर लांबतो आणि संथ वाचणाऱ्याची जुनी अडचण परत येते, म्हणून वेळ वाढवावा लागतो. सिराक्यूजसारखी तोंडी पद्धत ही अडचण टाळते, पण प्रत्येक परीक्षार्थ्यामागे एक प्रशिक्षित मूल्यमापक तासन्‌तास बसवावा लागतो.

शिवाय प्रश्न एकदा वापरला की तो मार्गदर्शकांत छापला जातो, आणि पुढच्या सत्रात ‘आवक शिक्का मागावा’ हे वाक्य पाठ केलेले उत्तर म्हणून येते. म्हणून पुढच्या वेळी प्रसंग असा निवडावा लागतो, जिथे शिक्का कामाचा नाही: तोंडी सुनावणी झाली, तिथे बोललेले इतिवृत्तात आलेच नाही, आता काय?