सिलिकॉन ब्रश आणि ग्वा शा

चेहरा धुताना वापरायचा बोथट, मऊ दात्यांचा छोटा ब्रश म्हणजे सिलिकॉन ब्रश. तेल लावलेल्या चेहऱ्यावर फिरवायची जेड, गुलाबी स्फटिक किंवा स्टीलची गुळगुळीत पट्टी म्हणजे ग्वा शा. मूळ चिनी उपचारात ‘ग्वा’ म्हणजे खरवडणे आणि ‘शा’ म्हणजे त्याने अंगावर उमटणारे लाल ठिपके. चेहऱ्यावर मात्र ठिपके उमटले तर हात जड पडला असे समजावे.

ब्रशमुळे सनस्क्रीनचा थर नुसत्या बोटांपेक्षा नीट निघतो. त्याला अर्धा मिनिट पुरतो, आणि नाजूक त्वचेला आठवड्यातून दोनतीनदाच. ग्वा शाने सकाळची सूज काही तास उतरते. सुरकुत्या जाणे किंवा जबडा कोरल्यासारखा होणे यांची आशा धरू नये.

कोल्हापुरात खरा प्रश्न पावसाळ्यात उभा राहतो. जून ते सप्टेंबर न्हाणीघराची फरशी सुकत नाही, तिथे टांगलेला ब्रश कसा सुकेल? राजारामपुरीतल्या एका कॉलेजकन्येचेच घ्या. जुलैत तिच्या कपाळावर, केसांच्या कडेला बारीक, एकाच मापाचे, खाजणारे पुरळ उठले. पिंपल्स समजून तिने ब्रश जोरात घासला आणि रात्री खोबरेल लावून ग्वा शा फिरवली. पुरळ वाढले. त्वचारोगतज्ज्ञांनी ते बुरशीचे निघाले असे सांगितले. ही बुरशी ब्रशने आणलेली नव्हती, ती प्रत्येकाच्या त्वचेवर असतेच. दमट हवा, घाम आणि तेलाने ती फोफावते, घासण्याने त्वचा आणखी चिडते. मुरमांत लहानमोठी, काळ्या तोंडाची अशी सरमिसळ असते. पुरळ एकसारखे आणि खाजरे असेल तर दोन्ही साधने बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

सिलिकॉनला छिद्रे नसतात, पण तेल त्याला घट्ट धरून बसते. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. प्रत्येक वापरानंतर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब दात्यांत चोळावा, धुवावे आणि अंगठा फिरवून पाहावा. बुळबुळीत लागले तर जंतूंचा थर बसतो आहे, पुन्हा धुवावे. आठवड्यातून एकदा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तसेच सुकू द्यावे. मात्र आधी साबण हवाच, कारण मेणचट थरातून अल्कोहोल आत पोचत नाही. दर वेळी धुतल्यावर कोरड्या फडक्याने टिपून ब्रश स्टीलच्या पेल्यात दाते वर करून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवावा. न्हाणीघरात मुळीच नको.

ग्वा शालाही साबण चालतो, पण दगडी पट्टी उकळत्या पाण्यात टाकू नये, ती तडकू शकते. पडली असेल तर कडेवरून कापूस फिरवावा. तंतू अडकला की तिथे टवका उडाला आहे. ती पट्टी पुन्हा गालाला लावू नये. फरशीवर पडण्याची धास्ती असेल त्याने स्टीलचीच घ्यावी.