अप्रेझलमधल्या चुका आणि त्यावरचं उलटं पडणारं औषध

हिंजवडी-चाकणच्या कितीतरी कंपन्यांत मार्च उजाडला की मॅनेजर मंडळींना अर्धा दिवस अप्रेझलच्या, म्हणजे हाताखालच्यांच्या वर्षभराच्या कामाला गुण देण्याच्या, ट्रेनिंगला बसवतात. स्लाइडवर तीन चुका असतात. एका गुणाला भुलून बाकी सगळ्यांत तेवढेच मार्क देणं म्हणजे हॅलो. सरसकट हात सैल सोडणं म्हणजे लीनियन्सी. वर्षाचं विसरून फेब्रुवारीतलंच आठवणं म्हणजे रीसेन्सी. शेवटी ‘या टाळा’ असं सांगून चहा.

हॅलो हे नाव मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या 1920च्या लेखातून आलं. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व यांचे गुण एकमेकांशी गरजेपेक्षा जास्त जुळत होते. त्यावरून ‘गुण वेगवेगळे द्या’ हा उपाय सुचणं साहजिकच. गंमत अशी की 1980 साली बर्नार्डिन आणि पेन्स या संशोधकांनी तो तपासला, तेव्हा हॅलो आणि लीनियन्सी कमी झाली, पण रेटिंगची अचूकताही घटली.

असं का व्हावं? समजा, चाकणच्या एका सुपरवायझरचं वर्षभराचं काम तपासून जाणकारांनी पाचपैकी गुण ठरवले: गुणवत्ता 4, नियोजन 4, सहकार्य 3, सुरक्षितता 4. भाबड्या मॅनेजरने सगळीकडे 4 दिले. चूक फक्त एका मार्काची. ट्रेनिंग घेतलेला मॅनेजर ‘सारखे नकोत’ म्हणून 5, 3, 4, 2 देतो. फॉर्म छान चढउताराचा दिसतो, पण चूक एकूण पाच मार्कांची. चांगल्या माणसाचे गुण खरंच एकमेकांशी थोडेफार जुळतात, आणि मॅनेजरने तेच खरं नातं तोडलं. त्याला आकडे पसरायला शिकवलं, माणूस बघायला नाही.

त्यापेक्षा सरस ठरतं ते ‘फ्रेम ऑफ रेफरन्स’ ट्रेनिंग. आधी ‘सहकार्य’मध्ये काय धरायचं आणि 2 व 4 कुठल्या वागण्याला, हे ठरवायचं. मग एकाच कर्मचाऱ्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहून गुण द्यायचे आणि ते जाणकारांच्या गुणांशी ताडायचे. ‘शिफ्ट बदलताना बिघाडाची नोंद न करता निघून गेला’ हे सहकार्यात की सुरक्षिततेत, यावर वाद होतो आणि तिथेच खरं शिकणं घडतं. मग दुसरा व्हिडिओ. (हस्ताक्षरावरून किंवा राशीवरून स्वभाव ओळखणाऱ्या ‘तज्ज्ञां’ना हेच सांगून बघा: आधी गुण लिहा, मग ताडू.)

रीसेन्सीला मात्र वही लागते. जूनमधला प्रसंग जूनमध्येच तारखेसह दोन ओळींत लिहिला नसेल, तर मार्चमध्ये कुठलंही ट्रेनिंग तो परत आणत नाही.

लीनियन्सीपुढे हे ट्रेनिंगही फारसं चालत नाही, कारण तिथे बहुधा मॅनेजरला खरं दिसलेलं असतं. 2 दिले तर त्याच माणसाकडून उद्या काम करून घ्यायचं असतं. म्हणूनच पगारवाढीसाठी दिलेले गुण केवळ सुधारणेसाठी दिलेल्या गुणांपेक्षा सैल निघतात.