कुत्र्याच्या गुडघ्याची वाटी सरकते तेव्हा : ग्रेड १ ते ४ आले कुठून, अन् ऑपरेशन कधी

पामेरियन किंवा स्पिट्झ पळता पळता मागचा एक पाय वर घेतं, तीन-चार पावलं तिरकं उड्या मारत जातं अन् मग काही झालंच नाही असं परत चारही पायांवर चालायला लागतं. आपल्याकडे गावात याला कोणी मोच म्हणते, कोणी लकवा मारला म्हणते, मेडिकलवाला कॅल्शियमची बाटली देते. ती बाटली पाजून काही होत नाही, कारण इथं हाड कमजोर नसते, गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या तिच्या खाचेतून बाजूला गेलेली असते. छोट्या कुत्र्यांत ती बहुतेक वेळा आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे सरकते. मार लागून असं झालेलं कमीच सापडते, बाकीच्यांत मांडीचं हाड अन् नडगी वाढतानाच थोडी वाकडी वाढलेली असते, त्यामुळं मांडीचा स्नायू वाटीला सरळ वर न ओढता आत ओढते.

आता डॉक्टर जे "ग्रेड टू आहे" वगैरे लिहून देतात ती पद्धत १९६० च्या दशकाच्या शेवटची. कॅनडात गेल्फ विद्यापीठात पटनम यांनी १९६८ मध्ये कुत्र्यांच्या सरकत्या वाटीवर प्रबंध लिहिला, अन् पुढच्याच वर्षी, १९६९ ला, ब्रिटनच्या सिंगलटन यांनी त्याच धर्तीवर चार ग्रेड मांडले. सिंगलटन सर्जन माणूस, अन् त्यांचा लेखच कुत्र्याच्या गुडघ्याचा वाकडेपणा ऑपरेशननं कसा सुधारायचा यावर होता. म्हणून त्या ग्रेडमध्ये वाटी कुठं आहे, नडगी किती फिरली, खाच किती उथळ झाली हे सगळं आहे, पण कुत्रं आठवड्यातून किती वेळा लंगडते किंवा त्याला किती दुखते याचं नेमकं मोजमाप नाही. माझ्या मते सगळा गोंधळ इथूनच सुरू होते. सर्जनला आत काय काय सुधारावं लागेल हे कळावं म्हणून काढलेला आकडा आपण "ऑपरेशन करू का नको" याचं उत्तर म्हणून वाचतो.

ग्रेड १ म्हणजे वाटी जागेवरच असते, पाय सरळ करून अंगठ्यानं ढकलली तर बाहेर जाते अन् बोट काढलं की आपोआप परत येते. ग्रेड २ मध्ये ती कधीकधी स्वतःहून निघते अन् कुत्र्यानं पाय झटकला, ताणला किंवा आपण ढकलली की बसते. ग्रेड ३ मध्ये बहुतेक वेळ बाहेरच, हातानं बसवता येते पण सोडली की परत गेली. ग्रेड ४ मध्ये कायमची बाहेर, हातानंही बसत नाही, अन् नडगी इतकी आत फिरलेली असते की कुत्रं मागून बसकं होऊन चालते.

तपासतानाही फरक पडते. कुत्रं आधी चालवून पाहायचं, मग उभं असतानाच मागून दोन्ही गुडघे चाचपायचे, मग कुशीवर झोपवून पाय सरळ करायचा, पंजा आत वळवायचा अन् वाटी आत ढकलून पाहायची. घाबरलेलं कुत्रं पाय इतका आवळते की ग्रेड २ ची वाटीही सरकत नाही, अन् मालकाला वाटते बरं झालं. म्हणून दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळे ग्रेड निघाले तर लगेच डॉक्टरला दोष देऊ नये.

पहिला अन् चौथा ग्रेड ठरवायला सोपा. पहिला असला अन् कुत्रं लंगडत नसलं तर ऑपरेशन करत नाहीत, वजन कमी ठेवायचं अन् लक्ष ठेवायचं. चौथ्यात उलट, अन् त्यातही पिल्लू असलं तर थांबणं महागात पडते कारण हाड वाढतं आहे अन् रोज अजून वाकडं होत आहे, म्हणून वाढत्या पिल्लाला काही आठवड्यांच्या अंतरानं परत दाखवायला सांगतात. तिसऱ्यात साधारण ऑपरेशनकडेच कल असते. खरी डोकेदुखी ग्रेड २ ची. एक कुत्रं महिन्यातून एकदा उडी मारते अन् दुसरं दिवसातून दहादा, आकडा दोघांचा सेम.

दारव्हा तालुक्यातल्या एका कापूसवाल्या घरची चिंकी घ्या. दोन वर्षांची पामेरियन, वजन साडेपाच किलो अन् हाताला बरगडी लागत नव्हती. डावा पाय आठवड्यातून एखाद वेळा वर घ्यायची. डावीकडे ग्रेड २, उजवीकडे ग्रेड १ निघाला. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, पण नुसतं "बघू" म्हणून पाठवलं नाही : वजन एक किलो उतरवा, गुळगुळीत टाइल्सवर पोतं अंथरा, लंगडली त्या दिवशी कॅलेंडरवर टिंब काढा, मोबाइलवर मागून व्हिडिओ घ्या अन् तीन महिन्यांनी या. घरचा पोट्टा टिंबं काढायचा. आजी मात्र भाकरीचा तुकडा लपून द्यायचीच, त्यामुळं वजन अर्धा किलोच उतरलं.

पहिल्या तपासणीला टिंबं तेवढीच होती. हिवाळ्यात मात्र ती रोज दिसायला लागली, चिंकी पलंगावर उडी मारेना, अन् डावी मांडी हाताला उजवीपेक्षा बारीक लागली. परत तपासलं तर वाटी बसवली की लगेच सुटायची, म्हणजे ग्रेड ३. तेव्हा नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं. खाच खोल केली, वाटीखालचा लिगामेंट नडगीच्या ज्या उंचवट्याला धरून असते तो कापून बाहेरच्या बाजूला सरकवला अन् बारीक पिना मारल्या, वरून सांध्याची ढिली बाजू आवळली. उजवा पाय तसाच ठेवला, तो अजून ग्रेड १ च होता.

यातली खाच खोल करायची पद्धत मधल्या काळात बदलली अन् त्यानं थांबायचं का करायचं याचा हिशोबही बदलला. आधी खाच सरळ खरवडून खोल करायचे, त्यात वरचा गुळगुळीत कूर्चाच निघून जायचा अन् वाटी खरबरीत जागेवर घासायची. १९८० च्या दशकात स्लोकम अन् डिव्हाइन यांनी खाचेचा पाचरीसारखा तुकडा कूर्चासकट काढून, खालचं हाड कमी करून तोच परत बसवायची पद्धत मांडली, अन् २००० च्या आसपास चौकोनी तुकड्याची आली. कूर्चा वाचतो म्हटल्यावर ग्रेड २ मध्ये लंगडणाऱ्या कुत्र्यालाही ऑपरेशन सुचवणं पटण्यासारखं झालं, कारण सतत आत-बाहेर करणारी वाटी स्वतःच कूर्चा झिजवत असते.

ऑपरेशनही बिनधोक नाही. वाटी परत सरकू शकते, पिन हलू शकते, सरकवलेला उंचवटा निघू शकते, आणि कुत्रं लवकर मोकळं सोडलं तर हा धोका वाढते. सहा ते आठ आठवडे उडी नाही, जिना नाही, बाहेर फक्त दोरी लावून शू-शी पुरतं, मग एक्सरे. ज्या घरी सोयाबीन काढणीला सगळे वावरात जातात तिथं हे कोण सांभाळणार हे आधी ठरवा, जमणार नसलं अन् ग्रेड २ असला तर तारीख पुढं ढकलणंच शहाणपणाचं.

लक्ष ठेवताना दोन गोष्टी. जनावराच्या दवाखान्यातलं बैलाचं दुखण्याचं इंजेक्शन अंदाजानं छोट्या कुत्र्याला देऊ नका, माणसाची कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक तर नाहीच, पोटात रक्तस्राव होते अन् किडनी जाते. अन् वर्षानुवर्षं अधूनमधून उड्या मारणारं वयस्कर कुत्रं एके दिवशी पाय अजिबात टेकवेनासं झालं, तर जुनंच दुखणं म्हणून घरी ठेवू नका. सरकत्या वाटीच्या गुडघ्यात मांडीचं हाड अन् नडगी बांधून ठेवणारा आतला क्रूसिएट लिगामेंट तुटायचा धोका असते, अन् तो तुटला तर नुसती वाटी बसवून भागत नाही, त्याचंही ऑपरेशन सोबत करावं लागते.