आठ पुंजक्यांचा पाठलाग: गॅन एकाच उत्तराला का चिकटतं

हाताने लिहिलेल्या आकड्यांची हजारो चित्रं दाखवून शिकवलेलं गॅन, म्हणजे तशीच नवी चित्रं बनवायला शिकणारी संगणकीय प्रणाली, कधी कधी विचित्र अवस्थेत पोचतं. पन्नास चित्रं काढायला सांगा, पन्नासही वेळा सुबक १ येतो. एकेक चित्र पाहिलं तर खोट काढायला जागा नाही, पण बाकीचे नऊ आकडे गायब. याला मोड कोलॅप्स म्हणतात. त्याचं कारण खेळाच्या रचनेतच आहे.

इयान गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दोन न्यूरल नेटवर्क समोरासमोर असतात. जनरेटर यादृच्छिक आकडे घेऊन त्यांतून चित्र बनवतो. डिस्क्रिमिनेटर समोर आलेल्या चित्राला ० ते १ मधला गुण देतो. १ म्हणजे नक्की खरं, ० म्हणजे नक्की बनावट. जनरेटरला स्वतःच्या चित्रांचा गुण वाढवायचा असतो, डिस्क्रिमिनेटरला तो पाडायचा असतो. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा.

चित्रं बाजूला ठेवून सोपं उदाहरण घेऊ. कागदावर एका वर्तुळावर ठिपक्यांचे आठ सारखे पुंजके आहेत आणि जनरेटरला तसेच ठिपके टाकायला शिकायचं आहे. एखाद्या जागी डिस्क्रिमिनेटरने किती गुण द्यावा, याचं सर्वोत्तम उत्तर ठरलेलं आहे: तिथली खऱ्या ठिपक्यांची दाटी भागिले खऱ्या आणि बनावट दाट्यांची बेरीज. जनरेटरने आठही पुंजक्यांत समान वाटणी केली, तर दोन्ही दाट्या सारख्या आणि गुण सगळीकडे ०.५. डिस्क्रिमिनेटरला फरकच कळत नाही. खेळाचा समतोल इथे आहे.

आता समजा, जनरेटरने सगळे ठिपके पहिल्या पुंजक्यात ओतले. तिथे खऱ्यांचा वाटा १/८, बनावटांचा पूर्ण १. गुण होतो १/९, म्हणजे जेमतेम ०.११. उरलेल्या सात पुंजक्यांत बनावट ठिपका एकही नाही, म्हणून तिथे गुण १. जनरेटर हे पाहतो आणि हलतो. पण कसा? त्याचे सगळे ठिपके एकाच जागी आहेत, त्यामुळे प्रत्येकाला मिळणारा इशाराही एकच असतो: गुण ज्या दिशेला वाढतो तिकडे सरक. तू दुसऱ्या पुंजक्यात जा, तू पाचव्यात जा, असं वाटून सांगणारं कोणीच नाही. सगळा जथा मिळून, समजा, दुसऱ्या पुंजक्यात जातो. डिस्क्रिमिनेटर तिथला गुण ०.११ वर आणतो, पहिल्या पुंजक्यातला पुन्हा १ करतो, आणि जथा पुढे निघतो. हा पाठलाग कितीही वेळ चालू शकतो.

मुळाशी प्रश्न असा, की आधी चाल कोणी ठरवायची? सिद्धांतात जनरेटरने आपली वाटणी निवडताना, तिला डिस्क्रिमिनेटर जे सर्वोत्तम उत्तर देईल ते गृहीत धरायचं असतं. तसं केलं तर एकाच जागी गर्दी करणं तोट्याचं ठरतं. प्रत्यक्षात मात्र दोघं आळीपाळीने छोटी पावलं टाकतात, आणि जनरेटरच्या पावलावेळी डिस्क्रिमिनेटर गोठवलेला असतो. गोठवलेल्या परीक्षकासमोर सर्वांत फायद्याची चाल म्हणजे सर्वाधिक गुणाची जागा शोधून सगळं तिथे टाकणं. विविधतेला स्वतंत्र गुणच नाहीत, कारण डिस्क्रिमिनेटर दर वेळी एकच चित्र तपासतो.

हा बिघाड प्रशिक्षणाच्या आलेखांवरून ओळखणं कठीण असतं, कारण दोघांचे आकडे चांगल्या प्रशिक्षणातही वरखाली होतच असतात. त्यापेक्षा जन्मदिवसाच्या कोड्यावर, म्हणजे थोड्याच लोकांतही दोघांचा जन्मदिवस एकच निघण्याची शक्यता मोठी असते यावर, आधारलेली चाचणी मला जास्त आवडते. जनरेटरकडे साधारण ४०० वेगळी चित्रं असतील, तर अवघ्या वीस-पंचवीस चित्रांच्या गठ्ठ्यात एखादी जोडी जुळण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. म्हणून गठ्ठे काढायचे, जवळजवळ सारख्या जोड्या शोधायच्या, आणि ज्या आकाराच्या गठ्ठ्यांत निम्म्या वेळा जोडी सापडते त्याचा वर्ग करायचा. विविधतेचा ढोबळ अंदाज मिळतो.

उपाय वरच्या कारणांवरच घाव घालतात. एकात डिस्क्रिमिनेटरला एक चित्र न दाखवता पूर्ण गठ्ठ्यातलं साम्यही दाखवतात. पन्नास सारखे १ एकत्र दिसले, की बनावट ओळखणं सोपं होतं. दुसऱ्यात जनरेटर पाऊल टाकण्याआधी डिस्क्रिमिनेटरच्या पुढच्या काही चाली मोजून घेतो. दुसऱ्या पुंजक्यात गेलो तर तिथलाही गुण पडणार, हे त्याला आधीच दिसतं आणि ठिपके पसरू लागतात. पुंजक्यांच्या उदाहरणात हे छान चालतं. मोठ्या चित्रांत मात्र प्रत्येक पावलामागे या आगाऊ चालींची आकडेमोड वाढते, म्हणून थोड्याच चालींपर्यंत पाहणं परवडतं आणि पाठलाग मंदावला तरी पूर्ण थांबेल याची खात्री देता येत नाही.