लॉकनंतरच्या चार फ्रेम

‘पिक्चर लॉक झाल्यावरही चार फ्रेम काढल्या, तर काय बिघडतं?’

चित्रपटाच्या संकलनात पहिल्या जुळणीत, म्हणजे असेंब्लीत, सगळे प्रसंग पटकथेच्या क्रमाने लागतात, रफ कटमध्ये तो क्रम बदलतो किंवा अख्खा प्रसंग गळतो, आणि फाइन कटमध्ये काम एकेका फ्रेमवर येते. तोवर लांबी बदलत राहणे स्वाभाविकच असते. पिक्चर लॉक म्हणजे शॉटचा क्रम आणि लांबी कायम ठरवणे. त्यानंतर मात्र ध्वनी, संगीत आणि रंगसंस्करण हे विभाग त्याच टाइमकोडवर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेल्या वेळेच्या क्रमांकावर, वेगवेगळे काम करू लागतात. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात चार फ्रेम काढल्या, की त्या रिळातला पुढचा सगळा ध्वनी सेकंदाच्या सहाव्या भागाने मागे पडतो. ओठ मिटतात आणि शब्द नंतर येतो. मग प्रत्येक विभागाला बदलांची यादी देऊन आपापले ट्रॅक पुन्हा जुळवावे लागतात. तेवढ्याच लांबीचा दुसरा शॉट बसवला, तर निदान पुढचे काही सरकत नाही.