ईमेलची विषय-ओळ नेमकी करणे

ईमेल उघडण्याआधी वाचणाऱ्याला त्यात काय आहे, आपल्याकडून काय हवे आहे आणि कधीपर्यंत हवे आहे हे कळावे, यासाठी मोघम विषय-ओळ बदलून नेमकी लिहिण्याची ही कार्यालयीन पद्धत आहे. ‘महत्त्वाचे’, ‘अर्जंट’, ‘कागदपत्रे’, ‘कालच्या चर्चेबाबत’ अशा ओळी वाचून मेल आत्ता उघडावा की संध्याकाळी, हे ठरवता येत नाही. मुंबईत बरेच मेल बोरिवली–चर्चगेट किंवा कल्याण–सीएसएमटी प्रवासात, एका हाताने धरलेल्या फोनवर पाहिले जातात. तिथे ही ओळच मेलचे भवितव्य ठरवते.

विषय-ओळ ही ईमेलच्या तांत्रिक रचनेत स्वतंत्र जागा असलेली गोष्ट आहे. 1982 च्या आरएफसी 822 या मानकात ती आहे आणि 2008 च्या आरएफसी 5322 मध्येही ती ऐच्छिक ठेवलेली आहे, म्हणजे ती रिकामी ठेवली तरी मेल जातो. तिच्यात काय लिहावे यावर मानकाचे बंधन नाही. खरी मर्यादा पडद्याची असते. संगणकावर साठ-सत्तर अक्षरे सहज दिसतात, पण उभ्या धरलेल्या फोनवर साधारण तीस ते चाळीस अक्षरांनंतर ओळ तुटते. देवनागरीत जोडाक्षरे रुंद असल्याने कधी त्याहून आधीच. काही कंपन्यांचे सर्व्हर बाहेरून आलेल्या मेलच्या विषयाआधी `[EXTERNAL]` असा शिक्का लावतात, त्यात आणखी दहा अक्षरे जातात. म्हणून नेमकेपणाचा सगळा भार पहिल्या तीसेक अक्षरांवर येतो.

‘बाबत’ची सवय

मराठी विषय-ओळीची ठेवण कागदी पत्रातून आली आहे. सरकारी आणि निमसरकारी पत्रात ‘विषय :’ लिहून पुढे ‘माहिती सादर करणेबाबत’, ‘मंजुरी मिळणेबाबत’ अशी ओळ असते, आणि त्याखाली ‘संदर्भ :’. कागदावर ही पद्धत योग्यच आहे. पत्र आधीच हातात असते, संपूर्ण ओळ डोळ्यासमोर असते आणि फाइल लावताना विषयाचा उपयोग होतो. इनबॉक्समध्ये मात्र ही ओळ पत्रापासून सुटी, वीस-पंचवीस इतर ओळींच्या रांगेत उभी असते.

शिवाय मराठी वाक्यात क्रिया शेवटी येते. ‘मंजुरी’, ‘सही’, ‘दुरुस्ती’ हा कामाचा शब्द ‘बाबत’च्या अगदी आधी, ओळीच्या टोकाला बसतो आणि फोनवर नेमका तोच कापला जातो. इंग्रजी ओळीसाठी दिलेले ‘थोडक्यात लिहा’ हे सल्ले त्यामुळे मराठीत अपुरे पडतात. ओळ आखूड करण्याआधी कामाचा शब्द शेवटून उचलून सुरुवातीला आणावा लागतो.

एक उदाहरण

अंधेरीच्या मरोळ भागात एका छापखान्याचा गाळा आणि त्यामागे कागदाचे गोदाम आहे असे धरू. गोदामाचे पत्रे गळतात. प्रशासन पाहणारा कर्मचारी संचालकांना मेल लिहितो :

*विषय : मरोळ येथील गोदामाच्या पत्र्यांच्या दुरुस्तीसंदर्भात प्राप्त झालेल्या कोटेशनला मंजुरी मिळणेबाबत*

फोनवर यातले ‘मरोळ येथील गोदामाच्या पत्र्यांच्या दुरुस्तीसंदर्भात प्राप्त…’ एवढेच दिसते. संचालकांना वाटते, कोटेशन आले असेल, सावकाश पाहू. मेलच्या मजकुरात तिसऱ्या परिच्छेदात असे आहे : कोटेशन 4.60 लाखांचे आहे, ते शुक्रवार 15 मेपर्यंतच लागू आहे, त्याच दिवशी निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आहे आणि काम 20 दिवस चालेल. हवामान विभागाने 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 11 जूनला पोहोचतो. सोमवार 18 मेला काम सुरू झाले तर 6 जूनला संपते, म्हणजे हाताशी जेमतेम चार दिवस उरतात. ही सगळी घाई मेलच्या पोटात आहे, विषयात तिचा मागमूस नाही.

पुनर्लेखन मजकुरापासून सुरू होते. मजकूर वाचून तीन गोष्टींखाली रेघ मारावी : वाचणाऱ्याने काय करायचे, कशाचे करायचे आणि कधीपर्यंत. येथे पहिली ‘मंजुरी’, दुसरी ‘गोदामाचे पत्रे’. तिसरीत गफलत सर्वाधिक होते. मजकुरात 15 मे ही तारीख आहे, पण ती कंत्राटदाराची मुदत आहे. अकाउंट्स विभागाला 15 तारखेला सकाळी पैसे पाठवायचे असतील तर संचालकांचा होकार आदल्या दिवशी दुपारी यायला हवा. विषयात लिहायची ती वाचणाऱ्याची मुदत : गुरुवार 14 मे, दुपारी 4. घटनेची तारीख लिहिली तर वाचणारा त्याच दिवशी मेल उघडतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

आता ओळ जुळवायची. पहिला खर्डा असा होऊ शकतो :

*मंजुरीसाठी, गुरु. 14 मे दु. 4 पर्यंत : गोदाम पत्रे, 4.60 लाख*

काम आणि मुदत पुढे आली, हे चांगले. पण संचालकांकडे दिवसाला असे अनेक ‘मंजुरीसाठी’ येतात, आणि कशाची मंजुरी हे त्यांना ओळीच्या शेवटी कळते. वस्तू आखूड शब्दांत मावत असेल तर ती मधे घ्यावी :

*मंजुरीसाठी : गोदाम पत्रे, गुरु. 14 मे दु. 4 पर्यंत, 4.60 लाख*

‘पर्यंत’ या शब्दापर्यंत ही ओळ मोकळ्या जागा आणि चिन्हे धरून चौतीस अक्षरांच्या आसपास भरते. रक्कम कापली गेली तरी चालते, कारण ती आत आहेच. ‘मरोळ येथील’ गळाले कारण कंपनीचे गोदाम एकच आहे. भिवंडीत दुसरे असते तर ‘मरोळ’ ठेवून रक्कम काढावी लागली असती. ‘संदर्भात’, ‘प्राप्त झालेल्या’, ‘मिळणेबाबत’ हे शब्द गेल्याने माहिती काहीच कमी झालेली नाही.

वरिष्ठांना ‘मंजुरी हवी’ लिहिणे अनेकांना उद्धट वाटते आणि त्या संकोचापायीच ते पुन्हा ‘बाबत’कडे वळतात. ‘मंजुरीसाठी’, ‘सहीसाठी’, ‘तपासणीसाठी’, ‘माहितीसाठी’ ही रूपे त्यावरचा चांगला उपाय आहेत. त्यांत आज्ञेचा सूर नाही, कार्यालयांत ती रुळलेली आहेत आणि ‘कृपया’ची जागाही वाचते. ‘कृपया’ मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहावे. ‘माहितीसाठी’ लिहिले की वाचणाऱ्याने उत्तर देणे अपेक्षित नाही, हे पाळावे लागते. त्या मेलच्या तळाशी एखादी मागणी दडवली तर पुढच्या वेळी त्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही.

रेघ मारताना दोन वेगवेगळ्या मागण्या सापडल्या, उदाहरणार्थ पत्र्यांची मंजुरी आणि सुरक्षारक्षकाच्या कराराचे नूतनीकरण, तर दोष विषयाचा नाही. ते दोन मेल आहेत. आणि एकही मागणी सापडली नाही तर मजकूरच आधी पुरा करावा लागतो.

घाई कशी दाखवावी

‘अर्जंट’ किंवा ‘अतितात्काळ’ हा शब्द लिहिणाऱ्याची घाई सांगतो, वेळ सांगत नाही. तो रोज वापरणाऱ्या माणसाचे मेल लोक ‘नेहमीचेच’ म्हणून मागे ठेवू लागतात. तारीख आणि वेळ दिली की वाचणारा स्वतःच घाई मोजतो. ‘आज’ आणि ‘उद्या’ टाळावे : रात्री साडेअकराला पाठवलेला ‘उद्यापर्यंत’ मेल सकाळी वाचला जातो तेव्हा उद्या कोणता, हा प्रश्न पडतो, आणि मेल पुढे पाठवला गेला की गोंधळ वाढतो. वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याने एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून लगेच कळते. परदेशातील ग्राहकाला लिहिताना वेळेसोबत ‘भारतीय वेळ’ लिहावे.

आउटलुकमध्ये मेलला लाल उद्गारचिन्हाचा ‘हाय इम्पॉर्टन्स’ शिक्का लावता येतो. तो वेगळ्या शीर्षकात जातो आणि वाचणाऱ्याच्या ॲपमध्ये दिसेलच असे नाही, म्हणून त्याच्या भरवशावर मुदत विषयातून वगळू नये. लागोपाठ उद्गारचिन्हे टाकून लिहिलेली, वस्तूचा उल्लेख नसलेली घाई तर फसवणुकीच्या मेलसारखी दिसते. ‘आजच करा, अन्यथा बंद होईल’ ही त्या मेलांची ठरलेली भाषा असते. बिल क्रमांक, गोदाम, ग्राहकाचे काम असा ठोस उल्लेख असला की वाचणाऱ्याला ओळख पटते.

चालू साखळीत बदल

गोंधळाचे मोठे मूळ म्हणजे जुन्या मेलला उत्तर देऊन नवा विषय काढणे. मार्चमधल्या ‘Re: दिवाळी कॅलेंडर प्रूफ’ या साखळीत मे महिन्यात पत्र्यांची मंजुरी मागितली तर ती कॅलेंडरच्या नावाखाली पुरली जाते आणि नंतर शोधूनही सापडत नाही. नव्या कामासाठी नवा मेल लिहावा.

काम तेच पण मागणी बदलली असेल, तर उत्तर देताना विषय बदलता येतो. जीमेलमध्ये संगणकावर ‘रिप्लाय’ दाबल्यावर, प्राप्तकर्त्याच्या नावाशेजारच्या बाणात `Edit subject` हा पर्याय असतो. मात्र विषय बदलला की जीमेल तो मेल वेगळ्या साखळीत टाकते. आधीची चर्चा तुटू नये म्हणून नव्या ओळीच्या शेवटी जुनी ओळख कंसात ठेवावी :

*सहीसाठी : पत्रे वर्क ऑर्डर, शुक्र. 15 मे दु. 12 पर्यंत (आधी : गोदाम पत्रे मंजुरी)*

प्रत्येक उत्तरात विषय बदलणे चुकीचे आहे. दुरुस्तीची एखादी ओळ, ‘होय, पाहिले’ असे उत्तर यांना जुनाच विषय पुरतो. मागणी, मुदत किंवा जबाबदार माणूस बदलला तरच नवी ओळ लिहावी.

काय लिहू नये

फोन लॉक असतानाही विषय-ओळ पडद्यावर उमटू शकते आणि लोकलमध्ये शेजारी उभा असलेला माणूस ती वाचू शकतो. एस/माइम किंवा पीजीपी या सांकेतिकीकरणाच्या पद्धतींनी मजकूर कुलूपबंद केला तरी विषय बहुधा उघडाच जातो. म्हणून पगार, आजारपण, शिस्तभंगाची कारवाई, निविदेतील दर अशा बाबतीत काम आणि मुदत तेवढी लिहावी आणि वस्तू संदर्भ क्रमांकाने सांगावी : ‘निर्णयासाठी : प्रकरण 12, बुध. 20 मे सं. 5 पर्यंत’. वरच्या उदाहरणातील 4.60 लाख हा आकडाही दुसऱ्या कंत्राटदाराला कळू द्यायचा नसेल तर आतच ठेवावा.

सांत्वन, अभिनंदन किंवा अनोळखी माणसाशी पहिला परिचय अशा मेलला ही रचना शोभत नाही. तेथे साधी, माणूस बोलेल तशी ओळ बरी.

ओळ जमली की नाही हे पाहण्यासाठी ती एकटी, मजकुराशिवाय, शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला दाखवावी आणि ‘मी काय करायचे, कधीपर्यंत?’ एवढे विचारावे. मेल गेल्यानंतरची खूण वेगळी असते. ‘मेल पाहिला का?’ असा फोन करावा लागत असेल किंवा ‘नक्की काय हवे आहे?’ असे उत्तर येत असेल, तर काम किंवा वस्तू ओळीत आलेली नाही. होकार येतो पण मुदत उलटल्यावर, तेव्हा बहुतेक वेळा ओळीत वाचणाऱ्याच्या ऐवजी घटनेची तारीख पडलेली असते.